सार्विक व अस्तित्ववाचक विधानांचा निषेध : कापरेकरांच्या ६१७४ च्या आधारे

'गंगापूर रोडवरील सर्व दुकाने उघडी नाहीत' हे वाक्य कोणी उच्चारले असता त्यातून दोन भिन्न अर्थ निघू शकतात. त्या रस्त्यावरील एकही दुकान उघडे नाही, हा एक. आणि काही दुकाने उघडी असतील, परंतु निदान एक तरी बंद आहे, हा दुसरा. बोलताना आवाजाच्या हेलावरून आणि प्रसंगावरून ऐकणाऱ्यास योग्य तो अर्थ कळतो. बोलणारा 'सर्वच दुकाने उघडी नाहीत' असे म्हणून 'च' वर जोर देईल, तर अर्थाचा कल दुसऱ्या बाजूस जातो. 'एकही दुकान उघडे नाही' असे म्हणेल, तर पहिला अर्थ निश्चित होतो. परंतु मूळ वाक्य कागदावर जसेच्या तसे लिहिले, तर त्याचा निर्णय होत नाही. मराठीत 'नाही' हा शब्द वाक्याच्या अखेरीस येऊन बसतो; तो 'सर्व' या शब्दास नाकारण्यासाठी आला की 'उघडी' या शब्दास नाकारण्यासाठी आला, हे वाक्यरचनेवरून ओळखण्याचा उपाय नाही.

सिद्धताप्रधान अभ्यासक्रमास नव्याने आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत जे दोष वारंवार आढळतात, त्यांतील बराच मोठा भाग या एका 'नाही' च्या जागेपाशी येऊन ठेपतो. विधान कळलेले असते, कित्येकदा सिद्धतेची युक्तीही सुचलेली असते. परंतु 'समजा, विधान असत्य आहे' असे लिहिल्यानंतरची दुसरी ओळ चुकते, आणि मग पुढील सर्व श्रम कोणत्यातरी अन्य विधानाच्या खंडनात खर्ची पडतात. म्हणून निषेधाचा नियम सांगण्यापूर्वी निषेध ओळखण्याची कसोटी सांगणे अधिक इष्ट वाटते. ती अशी : विधान आणि त्याचा निषेध यांपैकी प्रत्येक परिस्थितीत नेमके एक सत्य असले पाहिजे. दोन्ही एकाच वेळी सत्य होऊ शकत असतील, किंवा दोन्ही एकाच वेळी असत्य होऊ शकत असतील, तर त्यांतील एक दुसऱ्याचा निषेध नव्हे. रस्त्यावरील अर्धी दुकाने उघडी आणि अर्धी बंद असतील, तर 'सर्व दुकाने उघडी आहेत' हे असत्य आणि 'एकही दुकान उघडे नाही' हेही असत्य. अर्थात दुसरे विधान पहिल्याचे टोकाचे विरोधी असले, तरी त्याचा निषेध नाही. पहिल्याचा निषेध 'निदान एक दुकान बंद आहे' एवढाच.

ही कसोटी प्रत्यक्ष गणितात कशी चालते हे पाहण्यासाठी नाशिककरांना दूर जाण्याचे कारण नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे १९३० पासून १९६२ पर्यंत जवळच्याच देवळालीत शिक्षक होते, आणि संख्यांच्या गुणधर्मांवरील त्यांचे बहुतेक कार्य तेथेच झाले. ६१७४ या संख्येविषयीचा आपला शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. हा शोध बहुतेकांस गंमत म्हणून ठाऊक असतो. परंतु संख्यापकांच्या अभ्यासास त्याच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. कारण येथे प्रत्येक विधान साध्या वजाबाकीने पडताळता येते, आणि तरीही त्यात 'प्रत्येक' व 'असा एक आहे' हे दोन्ही शब्द एकमेकांत गुंतलेले आहेत.

कृती अशी. चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आले, तर डावीकडे शून्य लिहून ते चार अंकीच धरावे. क्ष या संख्येपासून निघून न पायऱ्यांनंतर मिळणाऱ्या संख्येस आपण त(न, क्ष) म्हणू. येथे न ही १ किंवा त्याहून मोठी नैसर्गिक संख्या. कापरेकरांचे विधान असे आहे :

जिचे चारही अंक समान नाहीत अशा प्रत्येक चार अंकी क्ष साठी असा एक न आहे की, त(न, क्ष) = ६१७४.

एकदा ६१७४ आली की ती पुढे तशीच राहते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. उदाहरणार्थ, ५२०० घेतल्यास क्रमाने ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४ मिळते. म्हणजे सात पायऱ्या लागतात. ८५३२ घेतल्यास एकच पायरी पुरते.

आता या विधानाचा निषेध लिहावयाचा आहे. वर्गात या ठिकाणी हटकून पुढे येणारे उत्तर असे : 'हे विधान असत्य आहे, कारण ११११ घेतल्यास ० येते.' ११११ घेतल्यास ० येते हे खरेच. परंतु ११११ ही विधानाच्या विचारक्षेत्रातच नाही. 'ज्याचे अंक समान नाहीत' ही अट, विधान कोणत्या संख्यांविषयी बोलत आहे हे सांगते. निषेध करताना या अटीस हात लावावयाचा नसतो. निषेध त्याच संख्यांविषयी बोलतो, मात्र उलट बोलतो :

जिचे चारही अंक समान नाहीत अशी एक चार अंकी क्ष आहे की, प्रत्येक न साठी त(न, क्ष) ≠ ६१७४.

'प्रत्येक' च्या जागी 'अशी एक', 'असा एक' च्या जागी 'प्रत्येक', विचारक्षेत्राची अट जशीच्या तशी, आणि 'नाही' सरकत सरकत अगदी शेवटच्या समीकरणापर्यंत पोहोचलेला. नियम एवढाच आहे. हा नियम पाठ असूनही चूक होते ती बहुधा विधान 'जर–तर' च्या रूपात लिहिल्यावर. 'प्रत्येक चार अंकी क्ष साठी, जर क्ष चे सर्व अंक समान नसतील, तर क्ष ६१७४ ला पोहोचते' असे तेच विधान मांडले, की विद्यार्थी निषेध म्हणून लिहितो : 'अशी एक चार अंकी क्ष आहे की, जर तिचे सर्व अंक समान नसतील, तर ती ६१७४ ला पोहोचत नाही.' हे दिसावयास अगदी बिनचूक आहे. कसोटी लावून पाहा. क्ष = ११११ घेतल्यास 'जर' चा भाग असत्य ठरतो, आणि ज्याचा 'जर' असत्य ते जर–तर विधान गणितात सत्य मानले जाते. म्हणून ११११ च्या आधाराने हा तथाकथित निषेध सत्य ठरतो. इकडे कापरेकरांचे मूळ विधानही सत्य आहे. दोन्ही एकाच वेळी सत्य. म्हणून हा निषेध नव्हे. 'जर अ, तर ब' याचा निषेध 'अ आहे, आणि ब नाही' असा असतो. त्यात 'जर' उरत नाही. 'अशी एक' या शब्दांमागोमाग 'जर' आलेला दिसला, की तेथे थांबून तो खरोखर 'आणि' असावयास हवा होता काय, हे तपासणे हिताचे.

येथे व्याख्येविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डावीकडे शून्य लिहिण्याची सूचना कित्येकांस किरकोळ वाटते. २१११ घ्या. २१११ − १११२ = ९९९. शून्य लिहून ०९९९ धरल्यास पुढे ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ असा क्रम येतो आणि विधान टिकते. शून्य टाकून देऊन ९९९ वरच कृती केल्यास ९९९ − ९९९ = ० मिळते आणि तेथून सुटका नाही. मग २१११ हे खरेखुरे प्रत्युदाहरण होते; कारण तिचे चारही अंक समान नाहीत, ती विचारक्षेत्रात आहे. ११११ आणि २१११ यांतील हा भेद ज्यास नीट उमगला, त्यास प्रत्युदाहरण म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

मूळ विधान सत्य आहे याचा अर्थ त्याचा निषेध असत्य आहे. आणि निषेध 'अशी एक आहे' या स्वरूपाचा असल्यामुळे तो असत्य ठरविण्यासाठी सर्व संख्या पाहाव्या लागतात. चार अंकी, सर्व अंक समान नसलेल्या संख्या ८९९१ आहेत. त्या एकेक करून पाहण्याची गरज नाही. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर पहिली वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढी येते. सर्व अंक समान नसल्यामुळे अ − ड ची किंमत १ ते ९ असते, आणि ब − क ची किंमत ० पासून अ − ड पर्यंत. अशा जोड्या २ + ३ + … + १०, म्हणजे ५४ होतात. तेव्हा पहिल्या पायरीनंतर फार तर ५४ संख्या उरतात, आणि त्या तासाभरात हाताने तपासता येतात. तपासल्यावर असे दिसते की, सर्व संख्या फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचतात.

या 'सात' मुळे विधान अधिक बळकट होते, आणि ते कशामुळे हे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. पहिल्या विधानात न हा क्ष नंतर निवडावयाचा होता. प्रत्येक संख्येचा न निराळा असू शकत होता. आता आपण असे म्हणत आहो : असा एक न आहे की, प्रत्येक क्ष न पायऱ्यांच्या आत ६१७४ ला पोहोचते. येथे न अगोदर निवडला, आणि तोच सर्वांस पुरला पाहिजे. प्रस्तुत उदाहरणात पहिल्यावरून दुसरे आपोआप निघते, कारण संख्या मर्यादित आहेत. प्रत्येकीचा न घेऊन त्यांतील सर्वांत मोठा निवडला की झाले. विचारक्षेत्र अनंत झाले की ही सोय नाहीशी होते. प्रत्येक वास्तव संख्येपेक्षा मोठी एक नैसर्गिक संख्या असते. परंतु सर्व वास्तव संख्यांपेक्षा मोठी अशी एक नैसर्गिक संख्या नसते. साध्या अभिसरणाकडून एकसमान अभिसरणाकडे जाताना विद्यार्थी ज्या ठिकाणी अडखळतो, ते ठिकाण हेच.

सहा पायऱ्यांचे काय? 'प्रत्येक क्ष सहा पायऱ्यांच्या आत ६१७४ ला पोहोचते' हे असत्य आहे, आणि त्याचा निषेध सत्य करून दाखविण्यास ५२०० ही एक संख्या पुरेशी आहे. परंतु 'एकही क्ष सहा पायऱ्यांच्या आत पोहोचत नाही' हेही असत्यच, कारण ८५३२ एका पायरीत पोहोचते. अर्धी दुकाने उघडी असलेल्या रस्त्याचीच ही स्थिती.

संख्यापकांचा क्रम निषेधात किती महत्त्वाचा ठरतो हे पाहावयाचे तर पाच अंकी संख्यांकडे वळावे. तीच कृती पाच अंकांवर केली, तर तेथेही ६१७४ सारखी एखादी लक्ष्यसंख्या आहे काय? प्रश्नास विधानाचे रूप देऊ :

अशी एक संख्या ल आहे की, जिचे सर्व अंक समान नाहीत अशा प्रत्येक पाच अंकी क्ष साठी असा एक न आहे की, त(न, क्ष) = ल.

येथे तीन संख्यापक आहेत. निषेध करताना ते डावीकडून उजवीकडे एकेक करून बदलावे. एकदम तिन्ही बदलण्याची घाई करू नये. प्रथम 'अशी एक ल आहे की …' याचा निषेध 'प्रत्येक ल साठी … असे नाही'. मग आतील 'प्रत्येक क्ष साठी …' याचा निषेध 'अशी एक क्ष आहे की … असे नाही'. शेवटी 'असा एक न आहे' चा. मिळते ते असे :

प्रत्येक ल साठी, जिचे सर्व अंक समान नाहीत अशी एक पाच अंकी क्ष आहे की, प्रत्येक न साठी त(न, क्ष) ≠ ल.

हा निषेध सत्य आहे, आणि त्याची सिद्धता दोन वर्तुळांवरून मिळते. ५३९५५ घेतल्यास ९५५५३ − ३५५५९ = ५९९९४, आणि ५९९९४ घेतल्यास ९९९५४ − ४५९९९ = ५३९५५. या दोन संख्या एकमेकींकडे सतत फेऱ्या घालीत राहतात. दुसरीकडे ६१९७४ पासून ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि पुन्हा ६१९७४ असे चार संख्यांचे वर्तुळ आहे. या दोन वर्तुळांत एकही संख्या सामाईक नाही. आता कोणी ल दिली असता आपण असे करावे : ल ही ५३९५५ किंवा ५९९९४ नसेल, तर क्ष = ५३९५५ घ्यावी; ती पहिल्या वर्तुळाबाहेर कधीच जात नाही, म्हणून ल ला पोहोचत नाही. ल ही या दोहोंपैकी एक असेल, तर क्ष = ६१९७४ घ्यावी; ती दुसऱ्या वर्तुळातच फिरत राहते. सिद्धता संपली.

या सिद्धतेत क्ष ची निवड ल पाहून केली, हे ध्यानात घ्यावे. प्रतिपक्षाने ल सांगावी आणि मग आपण क्ष सांगावी, असा हा क्रम आहे. घाईत कोणी निषेध असा लिहील : 'अशी एक पाच अंकी क्ष आहे की, प्रत्येक ल साठी व प्रत्येक न साठी त(न, क्ष) ≠ ल.' शब्द तेच, केवळ दोघांची अदलाबदल. परंतु हे विधान निखालस असत्य आहे : क्ष कोणतीही असो, ल = त(१, क्ष) घेतली की न = १ पाशी समीकरण जुळते. मूळ विधान असत्य, आणि हा 'निषेध' ही असत्य. कसोटी पुन्हा नापसंती दाखविते. संख्यापकांची नावे निषेधात बदलतात, त्यांचा क्रम मात्र तसाच राहतो.

आता कापरेकरांच्याच दुसऱ्या एका कल्पनेकडे पाहू, कारण तेथे निषेध व्याख्येतच बसलेला आहे. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळविली असता जी संख्या येते, तिची ती जनक म्हणावी. १५ मध्ये १ + ५ मिळविल्यास २१ येतात. म्हणून १५ ही २१ ची जनक. जिला एकही जनक नाही, तिला कापरेकरांनी स्वयंभू संख्या म्हटले; आपल्या गावावरून त्यांनी या संख्यांस देवळाली संख्या असेही नाव दिले होते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या त्यांतील आरंभीच्या.

'२१ ला जनक आहे' हे अस्तित्ववाचक विधान. १५ दाखविली की काम झाले. '२० स्वयंभू आहे' हे त्याच स्वरूपाच्या विधानाचा निषेध, म्हणून सार्विक : प्रत्येक नैसर्गिक म साठी म आणि म च्या अंकांची बेरीज मिळून २० होत नाही. येथे उत्तरपत्रिकेत पुष्कळदा काही संख्या तपासून 'म्हणून जनक नाही' असे लिहिलेले असते. शोधूनही न सापडणे आणि नसणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढण्यासाठी सर्व म विचारात घ्यावे लागतात. नैसर्गिक संख्या अनंत असल्या, तरी येथे त्यांचे तीन गट पुरतात. म एक अंकी असेल, तर बेरीज म + म, म्हणजे फार तर १८ येते. म ही १० ते १९ मधील असून तिचा एककस्थानचा अंक ट असेल, तर बेरीज १० + ट + १ + ट = ११ + २ट, म्हणजे नेहमी विषम येते; २० सम आहे. म ही २० किंवा त्याहून मोठी असेल, तर बेरीज २० च्या पुढेच जाते. कोणत्याच गटात २० येत नाहीत.

याच ठिकाणी एक किंचित कठीण प्रश्न घेता येतो. '१०१ ला नेमकी एक जनक आहे' याचा निषेध काय? 'एकही जनक नाही' असे झटकन तोंडी येते, आणि ते अपुरे आहे. 'नेमकी एक' या शब्दांत दोन विधाने जोडलेली आहेत : निदान एक आहे, आणि एकाहून अधिक नाहीत. दोन विधाने 'आणि' ने जोडलेली असली की निषेधात 'किंवा' येतो. म्हणून निषेध असा : एकही जनक नाही, किंवा निदान दोन भिन्न जनक आहेत. हा निषेध २० च्या बाबतीत पहिल्या भागामुळे सत्य होतो. १०१ च्या बाबतीत तो दुसऱ्या भागामुळे सत्य होतो, कारण ९१ + १० = १०१ आणि १०० + १ = १०१.